तीन आठवड्यांची सिक लीव्ह हवी आहे, पण आजाराचं नाव सांगायचं नाही

प्रश्न: मी हिंजवडीत एका खासगी कंपनीत सहा वर्षं आहे. दोन महिने झोप नाही, कामात लक्ष नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी डिप्रेशन सांगून गोळ्या सुरू केल्यात आणि तीन आठवडे सुट्टी घ्या म्हणालेत. मॅनेजर माणूस चांगला आहे, पण “नक्की काय झालंय?” असं दोनदा विचारून झालंय. एचआरने सर्टिफिकेटसोबत रिपोर्ट मागितलेत. किती सांगू? काहीतरी दुसरंच कारण दिलं तर चालेल का?

उत्तर:

दुसरं कारण देऊ नका, आणि आजाराचं नावही सांगू नका. या दोन्हीच्या मध्ये भरपूर जागा आहे आणि ती जागा वापरायला शिकवणं हेच माझ्या या उत्तराचं काम. मी सव्वीस वर्षं एचआरमध्ये आहे. आधी चाकणला कारखान्यात होते, मग आयटीत. म्हणजे तुमचा अर्ज ज्या टेबलावर येऊन पडणार, त्या टेबलाच्या पलीकडे बसून सांगते आहे.

आधी खोट्या कारणाचं. कारखान्यात असताना आमच्याकडच्या एका सुपरवायझरने घरातल्या एका भानगडीसाठी पंधरा दिवस हवे म्हणून “कावीळ झाली” असं सांगितलं. त्याला वाटलं, कावीळ म्हटल्यावर कुणी फार खोदून विचारत नाही. तिसऱ्या दिवशी लाइनवरची चार पोरं शहाळी आणि उसाचा रस घेऊन त्याच्या घरी. दाराला कुलूप. तरीही ते निभावलं असतं, पण परत आल्यावर कँटीनचा मुद्दा निघाला. दूषित पाण्या-अन्नातून पसरणारी कावीळ असेल तर माणूस सगळ्यांसोबत जेवायला बसण्याआधी लिव्हरचा रिपोर्ट बघितला पाहिजे, असं कंपनीच्या डॉक्टरांनी सांगितलं. नसलेल्या आजाराचा रिपोर्ट आणायचा कुठून? शेवटी रजेचं कारण खोटं दिलं म्हणून चौकशी झाली. मूळ कारण त्याने सांगितलं असतं, किंवा “घरगुती अडचण” एवढंच लिहिलं असतं, तर रजा मिळालीच असती.

तुमच्या बाबतीत खोटं कारण आणखी एका प्रकारे अंगाशी येईल. डिप्रेशनच्या माणसाला डॉक्टर बहुतेक वेळा खोलीत पडून राहा म्हणत नाहीत. चाला, ऊन घ्या, माणसांत जा, असं सांगतात. तुम्ही ऑफिसात “स्लिप डिस्क” सांगितलीत आणि बहिणीने तुमचा कोकणातल्या समुद्रावरचा फोटो टाकला, की तुम्ही कंपनीला फसवलंत हे सिद्धच झालं. काहीच न सांगता “वैद्यकीय कारणासाठी रजा, डॉक्टरांच्या सल्ल्याने” असं लिहिलं असेल तर तोच फोटो कुणाला काही सिद्ध करू देत नाही. नाव न सांगणं हे लपवणं नव्हे, हे तुमच्या मनात पक्कं बसू द्या. नाहीतर फोनवर आवाज कापतो आणि मग माणूस घाईघाईने काहीतरी पुरवतो.

आता तुमच्याकडे नेमकं काय मागितलं जातंय ते बघू. वरवर एकच प्रश्न दिसतोय, पण मागणारे वेगवेगळे आहेत. मॅनेजरला कळायला हवं की तुम्ही कधीपासून कधीपर्यंत नाही आणि तुमचं काम कोण बघणार. एचआरला फाइलला लावायला एक कागद हवा, म्हणजे उद्या ऑडिटमध्ये “ही रजा कशावरून दिली?” असं विचारलं तर दाखवता येईल. आजाराचं नाव या दोघांपैकी कुणालाच लागत नाही. ते लागतं विमा कंपनीला, ग्रुप मेडिक्लेममधून पैसे मागितले तर. गोंधळ होतो तो माणूस एकाच्या हातात तिघांचं देऊन बसतो तेव्हा. मॅनेजरला डिस्चार्ज कार्डचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मी कितीदा पाहिलाय! डिस्चार्ज कार्डात काय नसतं? दारू पिता का, आधीचे आजार, घरातल्यांचे आजार, बाईमाणूस असेल तर किती बाळंतपणं, किती गर्भपात. रजा मागायला यातलं एक अक्षरही लागत नाही.

आता तुमचं सर्टिफिकेट. सगळा खेळ त्याच्यावरच आहे. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेत रजेच्या दाखल्याचा एक नमुना जोडलेला आहे आणि बहुतेक डॉक्टर त्याच धर्तीवर लिहितात. वर तुमची सही, ओळखीच्या खुणा, मग “अमुक व्यक्ती ... ने आजारी आहे आणि प्रकृती पूर्ववत होण्यासाठी अमुक तारखेपासून इतके दिवस कामावर न येणं अत्यावश्यक आहे”. त्या मधल्या टिंबांत डॉक्टर सवयीने रोगाचं नाव लिहून टाकतात. तुम्ही आधी सांगितलंत तरच ते थांबतील. तेव्हा तपासणी चालू असतानाच सांगा, “डॉक्टर, हे ऑफिसला द्यायचंय, निदान लिहू नका.” त्या जागी “माझ्या उपचाराखाली असलेला वैद्यकीय आजार” एवढं लिहिलेलं चालतं. दाखल्यात तारीख, नेमके दिवस, डॉक्टरांचं नाव, शिक्षण, नोंदणी क्रमांक, सही आणि शिक्का मात्र झाडून सगळं हवं. अनुभवाने सांगते, एचआर ज्या दाखल्यावर शंका घेतं त्यात निदान नसणं हे कारण क्वचित असतं. बहुतेकदा नोंदणी क्रमांक नसतो, किंवा तारखेवर खाडाखोड असते, किंवा “काही दिवस विश्रांती” असं मोघम लिहिलेलं असतं. बाकी दाखला चोख असला की मधल्या टिंबांकडे फारसं कुणी बघत नाही.

दिवसांचा हिशेबही तिथेच करून घ्या. तीन आठवडे म्हणजे २१ दिवस; सोमवारपासून धरले तर तिसऱ्या रविवारी संपतात आणि तुम्ही चौथ्या सोमवारी हजर. पाच दिवसांच्या आठवड्यात हे कामाचे १५ दिवस. पण तुमच्या कंपनीत सँडविचचा नियम असेल, म्हणजे रजेच्या मध्ये आलेले शनिवार-रविवारही रजेत धरत असतील, तर पहिल्या सोमवारपासून तिसऱ्या शुक्रवारपर्यंत १९ दिवस कापले जातील. हे आधीच विचारून घ्या. तीन आठवड्यांनी परत आलेल्या माणसाला पगारातून चार दिवस गेलेले दिसले की त्याचा अर्धा आराम तिथेच संपतो.

निदान गाळलं तरी लेटरहेड बोलतं, हा अनेकांना उशिरा लक्षात येणारा भाग. कागदाच्या माथ्यावरच “मानसोपचार व व्यसनमुक्ती केंद्र” असं ठळक छापलेलं असेल तर खाली काय लिहिलंय याला अर्थ उरत नाही. वंध्यत्व केंद्र, कर्करोग रुग्णालय, सगळ्यांचं हेच. तुमचे डॉक्टर एखाद्या मोठ्या सर्वसाधारण रुग्णालयात बसत असतील तर तिथल्या लेटरहेडवर मागा. डॉक्टरांच्या पदवीवरून शोधणारा शोधेलच, पण शंभरातले नव्वद लोक तेवढी तसदी घेत नाहीत. दुसरा मार्ग तुमचे नेहमीचे फॅमिली डॉक्टर. त्यांना मानसोपचारतज्ज्ञांचे कागद दाखवा, त्यांनी तुम्हाला खरोखर तपासावं आणि त्यांना विश्रांती गरजेची वाटली तर त्यांनी आपला दाखला द्यावा. इथे चलाखी नको. न तपासता दिलेला दाखला त्यांच्याही गळ्याशी येतो आणि तुमच्याही. डॉक्टरांना दिलेल्या दाखल्यांची नोंदवही ठेवावी लागते, त्यामुळे शहानिशा करायला कुणी फोन केला तर नोंद सापडली पाहिजे.

आणि फोन होतो. सगळीकडे नाही, पण लांबच्या रजेत होतो. आमच्या एका जुन्या कंपनीत एक पोरगा हेच काम करायचा. “नमस्कार, अमुक कंपनीतून बोलतोय, तुमच्याकडचं एक सर्टिफिकेट व्हेरिफाय करायचंय.” दवाखान्यात फोन उचलतात रिसेप्शनिस्टताई. त्या बिचाऱ्या मदत करायच्या भावनेने सांगून मोकळ्या: “हो हो, आहेत ना, डिप्रेशनसाठी येतात.” डॉक्टरांवर गोपनीयतेचं बंधन आहेच. मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्याचं कलम २३ तर रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतं आणि उपचार करणाऱ्यांवर ती पाळायची जबाबदारी टाकतं. पण ते कलम काउंटरवरच्या माणसाला कुणी वाचून दाखवलेलं नसतं. म्हणून दाखला घेताना डॉक्टरांना आणि काउंटरवरही सांगून ठेवा: ऑफिसातून फोन आला तर “हा दाखला आम्ही दिला आहे, तारखा बरोबर आहेत” एवढंच सांगा. पुढचं विचारलं तर “पेशंटची लेखी संमती आणा” म्हणा.

दाखला हातात आला, आता तो कुठे द्यायचा? यात तुमच्यासारखी आयटीतली मंडळी हमखास चुकतात. लीव्हच्या पोर्टलवर अर्ज केला की फाइल जोडायची सोय असते. ती फाइल तुम्हाला वाटतं एचआरकडे जाते. बऱ्याच ठिकाणी ती मंजुरी देणाऱ्याला, म्हणजे तुमच्या मॅनेजरलाच आधी उघडते, कधी त्याच्या वरच्यालाही. कारणाच्या रकान्यात जे लिहाल ते काही सिस्टिममध्ये टीमच्या कॅलेंडरवरही झळकतं. एका मुलीने त्या रकान्यात गर्भाशयाच्या ऑपरेशनचं पूर्ण नाव लिहिलं होतं. सोमवारी सकाळी अकरा जणांच्या टीमला आपोआप मेल गेला. तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, सासरीही नाही. तेव्हा पोर्टलवर कारण म्हणून “वैद्यकीय” एवढाच शब्द लिहा. फाइल जोडू नका, “दाखला एचआरला स्वतंत्र मेलने दिला आहे” असं नमूद करा आणि दाखला एचआरमधल्या एका नावानिशी माणसाला पाठवा. एचआरचा जो सामायिक मेलबॉक्स असतो तो सहा-सात जण उघडतात, त्यात कधी इंटर्नही असतात. तुमची सिस्टिम फाइल जोडल्याशिवाय पुढे जाऊच देत नसेल, तर एचआरला विचारा की ती कोणाला दिसते. प्रश्न साधा आहे आणि त्याचं उत्तर त्यांना द्यावंच लागतं.

प्रिस्क्रिप्शन तर मुळीच देऊ नका. त्यावर रोगाचं नाव नसतं म्हणून लोक ते बिनधास्त जोडतात, पण गोळीचं नाव फोनवर टाकलं की दोन सेकंदांत सगळं समोर येतं. औषधांच्या बिलाचंही तेच.

मॅनेजरचं बोलणं हा सगळ्यात अवघड भाग, कारण तुमचा मॅनेजर चांगला आहे. वाईट मॅनेजरला काही न सांगणं सोपं असतं. चांगला माणूस काळजीने विचारतो आणि आपल्याला उत्तर देणं भाग वाटतं. पण थोडा विचार करा. त्याला कळलं तर तो काय करणार? त्याच्या मॅनेजरने विचारल्यावर त्याला एक तर खोटं बोलावं लागेल किंवा तुमचं सांगावं लागेल. शिवाय पुढच्या एप्रिलमध्ये मोठा प्रोजेक्ट कुणाला द्यायचा हे ठरवताना तो तुमच्या भल्यासाठीच म्हणेल, “त्याच्यावर फार ताण नको.” मी असं होताना पाहिलंय, आणि त्यात कुणाचाही हेतू वाईट नव्हता.

फोन असा होऊ द्या. तुम्हीच करा, त्याचा येईपर्यंत थांबू नका.

“सर, तब्येतीचं थोडं आहे. उपचार सुरू झालेत. डॉक्टरांनी सोमवारपासून तीन आठवडे पूर्ण विश्रांती सांगितलीय.”

“अरे, पण झालंय काय नक्की?”

“सर, गंभीर काळजीचं नाहीये आणि कुणाला लागण होण्यासारखंही नाही. तपशिलात जायला मला थोडं अवघड वाटतंय, दाखला एचआरला देतोय. कामाचं बोलू का? रिलीज विसाव्या तारखेला आहे, टेस्टिंगचा भाग मी शुक्रवारपर्यंत संपवतो आणि बाकीचं लिहून ठेवतो.”

“गंभीर काळजीचं नाहीये” हे खरं असेल तरच म्हणा, तुमच्या डॉक्टरांना विचारून. पण लागण होत नाही हे मुद्दाम सांगा, कारण विचारणाऱ्याच्या मनातली निम्मी भीती तीच असते. आणि लगेच कामावर या. मॅनेजरची खरी चिंता रिलीजची असते. ती तुम्ही स्वतःहून उचललीत की तो विषय सोडतो. तिसऱ्यांदा विचारलंच तर एकच वाक्य, तेच, त्याच शब्दांत: “सर, ते माझ्याकडेच राहू द्या प्लीज.” दर वेळी नवं वाक्य केलंत की दर वेळी थोडं जास्त बाहेर पडतं.

एचआरला मेल तुम्ही इंग्रजीत लिहाल, पण मजकूर साधारण असा असावा: “वैद्यकीय कारणासाठी अमुक ते अमुक तारखेपर्यंत रजा हवी आहे. नोंदणीकृत डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. या काळात डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार मी कामाचे मेल व कॉल घेणार नाही. तातडीचं काही असल्यास अमुक सहकारी बघतील. रुजू होताना फिटनेसचा दाखला देईन. दाखला गोपनीय ठेवावा ही विनंती.” संपलं. “गेले दोन महिने मला फार त्रास होतोय” वगैरे पार्श्वभूमी नको. मेल राहतो. तुम्ही सोडून गेल्यावरही राहतो.

आणि त्यांनी मागितलेले रिपोर्ट. आधी पॉलिसी उघडा. बहुतेक पॉलिसींत दोन किंवा तीन दिवसांपेक्षा जास्त सिक लीव्हसाठी “मेडिकल सर्टिफिकेट” लिहिलेलं असतं. “रिपोर्ट” हा शब्द टेबलावरच्या माणसाने सवयीने वापरलेला असतो. माझ्या हाताखालच्या लोकांना मी विचारायचे, रिपोर्ट घेऊन तू काय करणार, तुला वाचता येतो का? तुमच्या आजारात तर दाखवण्यासारखा रक्ताचा किंवा एक्सरेचा रिपोर्टही नसतो. निदान बोलण्यातून, तपासणीतून होतं. जे असतं ते डॉक्टरांच्या केस पेपरवरचं तुमचं खासगी बोलणं, आणि ते कुणाच्याही फाइलला लागू द्यायचं नाही. उत्तर द्या: “पॉलिसीनुसार दाखला दिला आहे. त्यापलीकडची वैद्यकीय कागदपत्रं कोणत्या नियमाखाली हवी आहेत आणि ती कोण बघणार, हे कळवाल का?” दहापैकी आठ वेळा यावर परत मेल येत नाही.

उरलेल्या दोन वेळा ते अडून बसतात. मग भांडू नका, पर्याय द्या. कंपनीचा डॉक्टर असेल तर “मी त्यांना भेटतो, त्यांना सगळं दाखवतो, त्यांनी तुम्हाला रजा योग्य आहे की नाही एवढंच कळवावं” असं सुचवा. कारखान्यांमध्ये ही पद्धत जुनी आहे आणि चांगली चालते. डॉक्टर डॉक्टरशी बोलतो, कारकुनाच्या हाती फक्त “हो” किंवा “नाही” येतं. डॉक्टर नसेल तर तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांकडून दोन ओळी जास्त लिहून आणा: रुग्ण माझ्या नियमित उपचारात आहे, इतक्या दिवसांची विश्रांती वैद्यकीय दृष्टीने आवश्यक आहे, पुढची तपासणी अमुक तारखेला. नाव तरीही नाही.

इथे मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. खासगी कंपनीने निदान विचारूच नये, असं सरळ सांगणारं कलम तुमच्या हातात नाही. मघाशी सांगितलेलं कलम २३ डॉक्टरांना बांधतं, तुमच्या एचआरला थेट नाही. आणि सिक लीव्ह ही महाराष्ट्रात खासगी आस्थापनांच्या कायद्याने दिलेली वेगळी रजा नाहीच. २०१७ चा आपला दुकाने व आस्थापना कायदा वर्षाला ८ दिवस किरकोळ रजा देतो आणि वर्षात २४० दिवस काम झालं असेल तर दर २० दिवसांमागे १ दिवस भरपगारी रजा देतो, जी ४५ दिवसांपर्यंत साठते. आजारपणाची रजा तुमच्या कंपनीने आपल्या पॉलिसीने दिलेली आहे, म्हणून तिच्या अटीही ती घालू शकते. दाखला फारच मोघम आहे म्हणून सिक लीव्ह नाकारली, असं होऊ शकतं. (सरकारी नोकरीत असतात त्यांचं गणित वेगळं, त्यांच्या रजा नियमांत दाखल्याचे नमुने ठरलेले असतात. आणि पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असणारे कामगार राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये येतात, त्यांना तिथल्या डॉक्टरांचाच दाखला लागतो. तुम्ही दोन्हींत नसाल असं धरते.)

पण त्याच दुकाने व आस्थापना कायद्यात तुमची सुटकाही आहे. सहा वर्षं झालीत म्हणता, मग साठलेली भरपगारी रजा, म्हणजे पीएल, असेलच. पीएलला कारण लागत नाही. समजा तुमच्याकडे सिक लीव्ह ७ आणि पीएल २२ आहेत. हवेत १५. सरळ मार्ग म्हणजे ७ सिक अधिक ८ पीएल. एचआर नावासाठी अडूनच बसलं तर १५ च्या १५ पीएल टाका, निदानाचा प्रश्नच मिटला. यात तोटे दोन. सात दिवसांची सिक लीव्ह वापरलीच जात नाही, आणि ती पुढच्या वर्षी जाते की बुडते हे पॉलिसीवर आहे. दुसरा तोटा मोठा. पीएल मॅनेजर “आत्ता नको, रिलीजनंतर घे” म्हणून पुढे ढकलू शकतो, दाखल्यावरच्या रजेला तसं म्हणणं त्याला जड जातं. म्हणून अर्ज पीएलचा केलात तरी दाखला खिशात तयार ठेवा. आणि चौथा आठवडा लागेल अशी शक्यता डॉक्टरांनी बोलून दाखवली असेल तर सगळ्या पीएल पहिल्याच फेरीत उडवू नका.

विम्याचंही बघून घ्या. ओपीडीत गोळ्या चालू आहेत तोवर बहुतेक ग्रुप पॉलिसीत त्याचा क्लेमच नसतो, त्यामुळे कुणाला काही कळायचा संबंध नाही. पण दाखल व्हावं लागलं आणि कॅशलेस केलंत, तर लक्षात ठेवा, क्लेम हाताळणाऱ्या टीपीएकडून किंवा ब्रोकरकडून कंपनीला क्लेमची एक्सेल येते. किती खर्च झाला, प्रीमियम वाढेल का, यासाठी. त्यात नाव, रुग्णालय आणि आजाराचा रकाना बऱ्याचदा तसाच उघडा असतो. मी स्वतः ती एक्सेल वर्षानुवर्षं पाहिली आहे. चांगल्या कंपन्या नावं झाकून मागवतात. दाखल व्हायची वेळ आली तर आधी एचआरमधल्या विमा बघणाऱ्याला विचारा, “क्लेमची यादी कोणाला दिसते?” मानसिक आजारालाही शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा संरक्षण द्यायला मानसिक आरोग्याच्या त्याच २०१७ च्या कायद्याने विमा कंपन्यांना सांगितलंय, तेव्हा पैसे सोडायचे की गुप्तता, हा निर्णय तुमचा. फार मोठी रक्कम असेल तर मी पैसे सोडा म्हणणार नाही.

नाव सांगावं, असं मी कधी म्हणते? जेव्हा त्या नावालाच काही चिकटलेलं असतं. गर्भपात झालेल्या स्त्रीला कायद्याने सहा आठवड्यांची भरपगारी रजा आहे. ती हवी तर पुरावा द्यावा लागतो. तिथे “वैद्यकीय कारण” लिहून बाई स्वतःच्या पीएल जाळते, हे मी हळहळत पाहिलंय. फुफ्फुसाचा टीबी असेल तर सोबत बसणाऱ्यांची तपासणी व्हायला हवी, म्हणून एचआरला सांगावंच. क्रेन चालवणाऱ्याला फिट येत असेल तर तो प्रश्न गुप्ततेचा राहतच नाही. एचआयव्हीचं मात्र उलट आहे. तिथे २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे, आपली स्थिती उघड करायला कुणालाही भाग पाडता येत नाही, न्यायालयाने आदेश दिला तरच. त्याच्याही वीस वर्षं आधी, १९९७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने एका सार्वजनिक उपक्रमाला सुनावलं होतं की माणूस काम करायला सक्षम आहे आणि इतरांना त्याच्यापासून विशेष धोका नाही, तर केवळ एचआयव्ही आहे म्हणून काम नाकारता येणार नाही. त्या खटल्यात कामगाराचं आणि कंपनीचं, दोघांचीही नावं झाकून फक्त अक्षरं ठेवली होती.

तुमच्या बाबतीत एकच प्रसंग येऊ शकतो. दोन महिने कामात लक्ष नाही म्हणता, त्यामुळे एखादी डेडलाइन चुकली असेल, मॅनेजरने मेलवर नाराजी नोंदवली असेल, तर रजेआधीच एचआरला एक ओळ लेखी द्या: “गेल्या दोन महिन्यांतील माझ्या कामावर प्रकृतीचा परिणाम झाला आहे, आता उपचार सुरू आहेत.” इथेही नाव नाही, पण तारीख आहे. रजेवरून आल्यावर पीआयपीचा, म्हणजे ठरावीक मुदतीत काम सुधारा असं सांगणारा कागद समोर आला आणि त्यानंतर तुम्ही आजाराचं काढलंत, तर ते सबब वाटतं. आधी नोंदवलेलं असेल तर मी किंवा माझ्यासारखी कुणीतरी टेबलापलीकडून तुमची बाजू घेऊ शकते. त्या वेळी वाटलंच तर एचआरमधल्या एका वरिष्ठ माणसाला, समोरासमोर, नावही सांगा. तो निर्णय मात्र आत्ता, पहिल्या आठवड्यात, झोप नसताना घेऊ नका. न सांगितलेलं पुढे कधीही सांगता येतं.

परत येताना फिटनेसचा दाखला लागेल. त्यातही निदान नको, पण एक गोष्ट आवर्जून लिहून घ्या. तुमच्या टीमचे अमेरिकेशी कॉल रात्री साडेअकरापर्यंत चालत असतील आणि झोपेची गोळी साडेनऊला घ्यायची असेल, तर पहिल्याच आठवड्यात सगळं पुन्हा विस्कटेल. डॉक्टरांना सांगा, दाखल्यावर लिहू द्या: “अमुक तारखेपासून कामावर रुजू होण्यास योग्य. पुढील सहा आठवडे रात्री नऊनंतर काम देऊ नये.” मॅनेजरला यातून शिफ्ट लावायला लागतं तेवढं सगळं कळतं. दाखल्याची एक प्रत स्वतःकडे ठेवा, कारण पाचव्या आठवड्यात कुणीतरी “आज एकच कॉल आहे रे, दहाचा” असं म्हणणारच.